हवेची गादी कशापेक्षा चांगली?

आजारपणाचं सामान विकणाऱ्या दुकानात कुणी हौसेनं पाय ठेवत नाही. कपड्यांच्या दुकानात माणूस नुसतं बघायला म्हणून जातो, भांड्यांच्या दुकानात उगाच दोन झाकणं वाजवून परत येतो. इथं जो येतो तो कुणाचं तरी दुखणं डोक्यावर घेऊनच येतो, आणि दारातूनच विचारतो. चाकांची खुर्ची चांगली का हो? चार पायांची काठी चांगली का? वाफेचं मशीन चांगलं का? प्रश्न असा एका पायावर उभा असतो. दुसरा पाय कुठं आहे ते विचारणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

मालकांचं यावर ठरलेलं उत्तर होतं. "हो, तीच चांगली." गिऱ्हाईक ज्या वस्तूचं नाव घेईल तीच वस्तू चांगली, हा त्यांच्या धंद्याचा नियम. त्यात निव्वळ लबाडी होती असंही नाही. ते म्हणायचे, घरात आजारी माणूस असलं की ज्याला काही कळत नाही तोही सल्ला देऊन जातो. बिचाऱ्याला इथं येऊन तरी एक स्वच्छ हो ऐकू दे.

काउंटरवरच्या बाईकडे मात्र उत्तर नसायचं, उलटा प्रश्न असायचा. "कशापेक्षा?"

यावरून मालकांनी तिचं नाव वकीलबाई पाडलं होतं आणि आता गल्लीतला चहावालासुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा. मालक वैतागायचे, गिऱ्हाइकाची उलटतपासणी करायला पगार देतो का मी, म्हणायचे; पण तिला काढायचेही नाहीत, कारण तिनं विकलेला माल कधी परत येत नसे.

वकीलबाईला हा प्रश्न कुठं लागला ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न ठरताना तिचा मामा म्हणाला होता, स्थळ चांगलं आहे. आत्या म्हणाली चांगलं आहे. शेजारणीनं तर मुलाला न बघताच चांगलं म्हटलं. कशापेक्षा, ते एकानंही सांगितलं नाही. सासरी गेल्यावर तिचं तिलाच कळलं, की पोरगी घरात बसण्यापेक्षा चांगलं. नवरा मारकुटा नव्हता, दारुडा नव्हता, आणि नवरा म्हणून जे काही असावं लागतं तेही तो नव्हता. चार वर्षं एका छपराखाली काढून दोघं आपापल्या वाटेनं गेले. तेव्हापासून कुणी नुसतं 'चांगलं' म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढायची.

त्या दिवशी दुपारी जी बाई आली ती एक हात कमरेवर दाबूनच पायरी चढली. चाळिशी ओलांडलेली, केस कसेबसे गुंडाळलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घाईत घरातून निघालेल्या माणसाची ही खूण वकीलबाईला चांगली ओळखीची होती. बाईनं काउंटरला टेकून श्वास घेतला आणि विचारलं, "हवेची गादी चांगली का हो?"

"कशापेक्षा?"

बाई गोंधळली. म्हणाली, "चांगली असली तर द्या. न्यायलाच आलेय."

आत फोनवर बोलत असलेल्या मालकांनी फोनवर हात ठेवून ओरडून सांगितलं की एक नंबर गादी आहे, बिनधास्त न्या. वकीलबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं विचारलं की कुणासाठी हवी आहे. सासूबाईंसाठी. काय झालंय? अर्धांगवायू. उजवी बाजू गेलीय, बोलणं थोडं राहिलंय, माणसं ओळखतात, पण अंथरुणातून उठता येत नाही.

इथं वकीलबाईनं एक चूक केली. तिनं प्रश्न विचारला खरा, पण उत्तराची वाट बघितली नाही. दुकानात हा प्रश्न घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना दोन गाद्यांमधली एक निवडायची असते. ती धरून चालली की हिलाही तेच हवंय. प्रश्नाचा जो पाय गिऱ्हाइकानं लपवला होता तो तिनं स्वतःच आपल्या मनानं जोडून टाकला. मालक जे एका शब्दात करायचे तेच तिनं दहा वाक्यांत केलं, एवढाच काय तो फरक.

तिनं दोन गाद्या काढून दाखवल्या. एक फुग्यांची, अंड्यांच्या ट्रेसारखी दिसणारी. दुसरी नळ्यांची, आडव्या जाड नळ्या एकीशेजारी एक. दोन्हींना पंप असतो, तिनं सांगितलं. पंप एका आड एक कप्प्यात हवा भरतो आणि उरलेल्यांतली सोडतो, थोड्या वेळानं उलटं करतो. म्हणजे अंगाचा भार एकाच जागी दाबून राहत नाही, सरकत राहतो. फुग्यांची स्वस्त आणि हलकी, कातडी अजून चांगली असेल तर चालते. माणूस जड असेल किंवा पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात झाली असेल तर नळ्यांची घ्यावी. गादी नेहमीच्या गादीवर टाकायची, वर एकच पातळ चादर. चार घड्यांची गोधडी वर टाकली की हवेचा काही उपयोग राहत नाही. पंप चोवीस तास चालू हवा.

बाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. वकीलबाईला त्या मान डोलावण्यानंच खटकायला हवं होतं. ज्याला दोनातलं एक निवडायचं असतं तो माणूस मधेच थांबवतो, ही महाग का, ती फुटते का, असं काहीतरी उकरतो. ही बाई वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखी सगळ्याला हो म्हणत होती.

"झोपून बघा," वकीलबाई म्हणाली. दुकानाच्या कोपऱ्यात लोखंडी कॉट होती आणि तिच्यावर नळ्यांची गादी कायम फुगवून ठेवलेली असायची. बाई लाजली. अहो, मी कशाला, झोपायचंय त्यांना. पण वकीलबाईनं पाठीला हात देऊन तिला बसवलंच. बाईनं चपला काढल्या, पाय वर घेतले, डोकं टेकलं. वकीलबाई पंपाची खुंटी दाखवत म्हणाली की वजनाप्रमाणे हे फिरवायचं आणि मग माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात घालून बघायचं. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. असं म्हणत ती वळली, तर बाईचे डोळे मिटलेले.

ती झोपली होती. गिऱ्हाईक दोन मिनिटं आव आणून झोपतं तशी नव्हे, खरीखुरी. तोंड किंचित उघडं, कमरेवरचा हात घसरून बाजूला पडलेला, कुणीतरी बटण बंद करावं तशी ती गेली होती.

मालक फोन ठेवून बाहेर आले. त्यांनी कॉटकडे बघितलं, वकीलबाईकडे बघितलं, आणि काही बोलायच्या आधीच वकीलबाईनं ओठांवर बोट ठेवलं. मालकांनी खांदे उडवले. मग, हे मात्र त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं, त्यांनी हळूच जाऊन रस्त्याकडचं काचेचं दार लोटून घेतलं, गाड्यांचा आवाज कमी यावा म्हणून.

किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. बाई एकदम दचकून उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "आईंना कुशीवर घ्यायचं राहिलं." मग तिला दुकान दिसलं. ती इतकी शरमली की पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं तिनं तोंड लपवूनच घेतलं.

आता वकीलबाईचं डोकं ताळ्यावर आलं. तिनं स्टूल ओढलं, कॉटजवळ बसली आणि या वेळी प्रश्न विचारून गप्प बसली. "ताई, मघाशी विचारलंत हवेची गादी चांगली का. कशापेक्षा, ते नाही सांगितलंत."

बाई खाली बघत राहिली. मालकांनी उगाच एक खोकं इकडचं तिकडं केलं.

"माझ्यापेक्षा," बाई म्हणाली.

मग एकदा बांध फुटल्यावर सगळं आलं. तक्रारीच्या सुरात नाही, चूक कबूल केल्याच्या सुरात. आणि वकीलबाईला राग आला तो त्या सुराचाच. सासूबाईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. दिवसा ती आणि एक मावशी मिळून ते करायच्या. मावशी म्हणजे पगारी बाई, सकाळी यायची, संध्याकाळी जायची. सासूबाईंना पुसायची, भरवायची, दोघी मिळून वळवायच्या. रात्री ही एकटी. गजर लावून उठायची. गेल्या आठवड्यात एका रात्री गजर वाजला आणि तिनं झोपेतच बंद केला. सकाळी सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा. बोटानं दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे जखमेची सुरुवातच. तिनं स्वतःच तो सगळ्यांना दाखवला. लपवला असता तर कुणाला कळलंही नसतं.

त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं घरच्यांच्या ग्रुपवर विचारलं, हवेची गादी चांगली का? दूरच्या शहरातल्या दिरानं अंगठा दाखवला. नणंदेनं लिहिलं, खूपच चांगली, लगेच घ्या. मग कुठल्या कुठल्या चुलत भावंडांचे अंगठे आले. सगळ्यांचं एकमत झालं. इतक्या वर्षांत त्या घरात कशावर एकमत झालं नव्हतं, ते यावर झालं.

"आणि आता गादी आली की मावशी बंद," बाई म्हणाली. "हे म्हणाले, गादीच सगळं करते. मग दोन-दोन माणसं कशाला. खरंही आहे. मशीन काही झोपत नाही. माझ्यासारखं."

वकीलबाईच्या तोंडात शिवी आली होती. ती गिळायला तिला जड गेलं. कुणाला द्यायची हे कळलं असतं तर तिनं दिलीही असती. सबंध घरादारानं चट्ट्याचं खापर एका झोपेवर फोडलं होतं, आणि ज्या बाईवर फोडलं तिनंच ते मुकाट्यानं डोक्यावर धरलं होतं.

तिनं एवढंच विचारलं, "गादी त्यांना कुशीवर घेणार आहे का?"

बाईनं वर बघितलं.

"ही गादी माणसाला वळवत नाही ताई. दाब हलता ठेवते, आणि ते फार मोठं काम आहे, घ्यायलाच हवी, चट्टा आलाय म्हणजे आजच घ्या आणि डॉक्टरांनाही आजच दाखवा. पण कूस बदलावीच लागते. किती वेळानं, ते डॉक्टर सांगतील, कदाचित थोडा वेळ वाढवून देतील. टाचा बघाव्या लागतात, कोपरं बघावी लागतात, ओलं झालं की बदलावं लागतं. मावशी गेली तर हे कोण करणार?"

बाईनं नकळत हात पुन्हा कमरेवर ठेवला.

मालक मधे पडले. ते वकीलबाईला बाजूला घेऊन पुटपुटले की घरगुती भानगडीत आपण पडायचं नाही, गादी विकायची आणि रामराम. वकीलबाई म्हणाली, विकते की. पण खोकं एकदा उघडलं की गादी परत घेत नाही अशी पाटी तुम्हीच लावलीय ना. चुकीच्या कामासाठी नेली तर उद्या शिव्या गादीला बसतील. मालकांनी पाटीकडे बघितलं. पाटी त्यांच्याच अक्षरातली होती.

एवढ्यात बाईचा फोन वाजला. नणंद होती. घेतलीस का वहिनी, एवढंच विचारायला. बाईनं फोन उचलला आणि स्पीकर चालू करून कॉटवर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. नणंद म्हणत होती की अगं दुकानदार फसवतात, दोनचार ठिकाणी विचार, पण घे मात्र, चांगली असते ती.

बाईनं वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईनं तोंड उघडलं होतं, पण ते तिनं मिटून घेतलं. हा प्रश्न आता तिचा नव्हता.

"कशापेक्षा चांगली, माई?" बाईनं विचारलं.

"कशापेक्षा म्हणजे काय? आपल्या त्या कापसाच्या गादीपेक्षा. दगड झालीय ती. आईच्या खाली तेच गाठोडं अजून." नणंद थांबली. "का गं? आवाज का असा तुझा?"

"मावशी बंद करायचं ठरलंय. गादी आली की."

मग नणंद म्हणाली, "कुणी ठरवलं?"

"तूच हो म्हणालीस की ग्रुपवर."

"मी गादीला हो म्हणाले वहिनी. मावशीला नाही म्हणायला मी कोण? मी येते का तिथं आईला उचलायला?" आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. ती म्हणाली की आपण दोन महिन्यांत एकदाच येऊन गेलो, तेही पाहुण्यासारखं, आईच्या उशाशी बसून रडलो आणि गाडी चुकेल म्हणून निघालो. तिनं धाकट्या भावालाही, म्हणजे दूरच्या शहरातल्या त्या दिराला, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून विचारून घेतलं. त्याचा अंगठा आणखी वेगळ्याच गोष्टीला होता. त्याला वाटलं होतं की आईला पुन्हा दवाखान्यात ठेवावं की घरी गादी आणावी असं विचारतायत. म्हणजे एकानं गादी दवाखान्यापेक्षा चांगली म्हटली, एकीनं कापसापेक्षा, आणि ही बाई ऐकत होती की गादी माझ्यापेक्षा चांगली. प्रत्येकाचं हो खरं होतं. सगळी हो एकत्र बांधली तेव्हा त्यांचा दोर झाला, आणि तो एकीच्याच गळ्यात पडला.

बाई रडली नाही. वकीलबाईला वाटलं होतं रडेल. ती नुसती ताठ बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून वकीलबाईला बरं वाटलं, कारण तो राग होता. उशिरा आलेला, जागा न सापडलेला, पण राग.

नवरा खोकं न्यायला कामावरून परस्पर येणार होता. तो आला तेव्हा अंगावर कारखान्याचा निळा शर्ट होता आणि डोळे त्याचेही खोल गेलेले. वकीलबाई त्याच्यासाठी जिभेला धार लावून बसली होती. पण त्यानं आत येताच पहिल्यांदा बायकोच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, अगं, दोन वेगळ्या चपला घालून आलीस, रस्त्यात पडली असतीस तर. तेवढ्यानं वकीलबाईची धार थोडी बोथट झाली. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. दमलेल्या माणसावर रागवायला जरा नेम धरावा लागतो.

तो मालकांना म्हणाला, बांधा मग, चांगली आहे ना?

मालकांच्या तोंडून सवयीनं 'हो' निघणारच होतं. ते अर्ध्यावर अडलं. त्यांनी घसा खाकरला आणि बाईकडे बोट केलं. त्यांना विचारा, म्हणाले.

"अहो, कशापेक्षा चांगली?" बाई म्हणाली.

नवऱ्याला वाटलं ती थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघून त्याला कळलं की नाही. तो म्हणाला, "कशापेक्षा काय? तुझा त्रास कमी व्हावा म्हणून घेतोय. तू रात्र रात्र जागतेस, मला दिसत नाही का?"

"मग मावशी का बंद?"

"गादी असल्यावर मावशी कशाला? ती आपोआप..." त्यानं हातानं हवेत काहीतरी वळवल्यासारखं केलं.

"काय आपोआप?"

"वळवते ना."

"नाही वळवत." बाई कॉटवरून उठली. "मी आत्ता झोपून बघितलं. मी झोपले तशीच उठले. आईंना कुशीवर मीच घेणार. दिवसा पण, रात्री पण, एकटीनं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मावशीच्या जागी मशीन नाही ठेवलं. मावशीच्या जागी मला ठेवलं. माझ्या जागी मी आहेच."

तो उभाच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. कामावरच्या कुणीतरी सांगितलं होतं की हवेची गादी घेतली की पेशंटकडे बघावं लागत नाही, आणि दमलेल्या कानाला ते गोड लागलं, त्यानं पुढं विचारलं नाही. पण, वकीलबाईच्या मनात आलं, माहीत नव्हतं कारण माहीत करून घ्यायची गरज पडली नव्हती. ज्याला रात्री उठायचं असतं तोच गादी काय करते ते विचारतो. ती हे बोलली नाही. बोलायची गरजही उरली नाही, कारण तो स्वतःच म्हणाला, "मी एकदाही नाही वळवलं आईला." जणू त्यालाच ते पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

"आईंना लाज वाटते मुलाची, असं तुम्हीच म्हणाला होता," बाई म्हणाली.

"म्हणालो होतो." तो म्हणाला. "आईला विचारलं नव्हतं."

मग त्यानं, तिथंच उभ्या उभ्या, बहिणीला फोन लावला. बोलणं फार झालं नाही. मावशी राहणार, तिच्या पगारात तिघं भावंडं हातभार लावणार, एवढं ठरायला दोन वाक्यं पुरली. इतके दिवस ती दोन वाक्यं कुणाच्या घशात अडकली होती कोण जाणे. नणंद म्हणाली की ती येत्या सुटीत येते आणि या वेळी उशाशी नाही, पायाशी बसते. रात्रीचं मात्र फोनवर ठरण्यासारखं नव्हतं. नवऱ्यानं फोन खिशात ठेवला आणि वकीलबाईला विचारलं, "कसं वळवतात?"

वकीलबाई सांगायला पुढं झाली, पण बाई तिच्या आधी कॉटवर आडवी झाली. "मला वळवून बघा," म्हणाली.

मालकांनी लगबगीनं दार पुन्हा लोटलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून काय दिसेल या कल्पनेनंच त्यांचे कान लाल झाले होते. पण ते आतल्या खोलीत गेले नाहीत. दोन उशा काढून त्यांनी कॉटच्या पायाशी ठेवल्या, विकायच्या होत्या त्यातल्याच, प्लॅस्टिक फाडून.

"उजवा हात गेलाय असं समजा," बाई छताकडे बघत सांगू लागली. "तो ओढायचा नाही. खांद्यापासून निखळतो. आधी छातीवर आणून ठेवा. आता पलीकडचा गुडघा दुमडा. नाही, दुमडून तसाच धरा, सोडू नका. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली."

त्यानं हात घातले. मोठे, तेलाचे डाग मुरलेले हात. बायकोच्या अंगाला त्यानं ते असे, इतक्या सावधपणे, कधी लावले नसावेत. आपण जड ओझं उचलतोय की काचेचं काही, हे त्याला ठरवता येईना. त्यानं जोर लावला आणि बाई एकदम पालथीच होता होता राहिली.

"पोतं नाही ते," ती म्हणाली.

वकीलबाईला हसू आलं. मालकही हसले. नवरा हसला नाही, त्याच्या कपाळावर घाम आला होता. वकीलबाईनं सांगितलं की पूर्ण कुशीवर नको, थोडंसं कलतं, आणि पाठीमागे उशी सरकवायची म्हणजे माणूस त्यावर रेलून राहतं. दुसरी उशी दोन गुडघ्यांच्या मधे. टाच गादीला टेकू द्यायची नाही. त्यानं उशी सरकवली, टाच उचलून बघितली, पुन्हा ठेवली. मग, कुणी सांगितलं नसताना, बायकोच्या पाठीखाली दुमडलेली चादर बोटांनी ओढून सरळ केली. घडी राहिली तर ती टोचते, हे त्याचं त्यालाच सुचलं.

"पुन्हा," बाई म्हणाली. "दुसऱ्या बाजूला."

तो कॉटला वळसा घालून पलीकडे गेला. या वेळी त्यानं आधी विचारलं, "वळवू?" आणि तिनं मान हलवेपर्यंत थांबला.

ती मान हलवायला थोडा उशीर लावत होती. वकीलबाईला वाटलं पुन्हा डोळा लागला की काय. पण डोळे उघडे होते. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती, आणि हात थांबले होते.

"वळवा," ती म्हणाली. "आणि आईंना सांगून वळवत जा. त्यांना ऐकू येतं."